महिला संचालकाची खुर्ची: नियम कुठपर्यंत जातो आणि कुठे थांबतो

शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक भारतीय कंपनीच्या संचालक मंडळावर निदान एक महिला हवी, हे बहुतेक गुंतवणूकदारांच्या कानावर आलेलं असतं. ती महिला कोण असू शकते, तिने मध्येच राजीनामा दिला तर काय होतं, आणि मंडळावर बसलेली माणसं खरोखर काम करतात का हे वर्षाकाठी कोण तपासतं, हे मात्र फारसं कुणी समजावून सांगत नाही. या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. खुर्ची भरण्याचा नियम कडक आहे आणि त्याला दंडही आहे. खुर्चीवरच्या माणसाच्या कामाचं मूल्यमापन करण्याचा नियमही आहे, पण त्यातून काय निघालं हे भागधारकाला सांगण्याची सक्ती नाही. माझ्या मते सगळी गोम या फरकात आहे.

मुळापासून सुरुवात करू. कंपनी कायदा 2013 च्या कलम 149 मध्ये महिला संचालकाची अट आली. त्याखालच्या 2014 च्या नियमांनी ती दोन प्रकारच्या कंपन्यांना लावली: सर्व नोंदणीकृत, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, आणि तशी नोंदणी नसली तरी ज्यांचं भरणा झालेलं भांडवल 100 कोटी किंवा उलाढाल 300 कोटी रुपयांपासून पुढे आहे अशा पब्लिक कंपन्या. सेबीनेही नोंदणीकृत कंपन्यांसाठी हीच अट घातली. तिची पहिली मुदत 1 ऑक्टोबर 2014 होती, ती पुढे 1 एप्रिल 2015 पर्यंत वाढवली. तरीही अनेक कंपन्या मागेच राहिल्या, तेव्हा 8 एप्रिल 2015 च्या परिपत्रकाने दंडाचा चढता तक्ता आला. जूनअखेरपर्यंत नेमणूक केली तर 50,000 रुपये, सप्टेंबरअखेरपर्यंत केली तर त्यावर दिवसाला 1,000 रुपये, आणि त्याहून उशीर झाला तर 1,42,000 रुपये अधिक दिवसाला 5,000 रुपये.

त्या गडबडीत बऱ्याच कंपन्यांनी सगळ्यात जवळचा रस्ता धरला आणि प्रवर्तकाच्या, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या मालकाच्या, घरातली कुणीतरी मंडळावर आली. पत्नी, मुलगी, सून, बहीण. यात बेकायदा काही नव्हतं, कारण नियमात ‘महिला’ एवढंच लिहिलं होतं. घरातली व्यक्ती नालायकच असते असंही नाही. कित्येक घरांत धंद्याची खरी जाण तिलाच असते. पण मंडळाचं एक महत्त्वाचं काम म्हणजे प्रवर्तकाला गरज पडेल तेव्हा अडवणं, आणि ते काम त्याच घरातल्या माणसाकडून होईल अशी अपेक्षा धरता येत नाही.

म्हणून दुसरी पायरी आली. सेबीने उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ऑक्टोबर 2017 मध्ये अहवाल दिला. प्रत्येक नोंदणीकृत कंपनीत निदान एक स्वतंत्र, म्हणजे प्रवर्तक आणि व्यवस्थापन यांच्याशी बांधलेली नसलेली, महिला संचालक असावी, असं समितीचं म्हणणं होतं. सेबीने ते अर्धं मानलं. बाजारमूल्यानुसार पहिल्या 500 कंपन्यांना 1 एप्रिल 2019 पासून आणि पहिल्या 1000 कंपन्यांना 1 एप्रिल 2020 पासून ही अट लागू झाली. हजाराच्या खालच्या कंपन्यांना आजही कोणतीही एक महिला संचालक चालते. लहान कंपन्यांत घराण्याची पकड बहुधा जास्त घट्ट असते, आणि नेमक्या त्याच सुटल्या. सेबीचा हा निर्णय मला पटत नाही.

दोन खुर्च्यांमधला फरक एका सर्वांना माहीत असलेल्या उदाहरणावरून कळेल. रिलायन्स इंडस्ट्रीजच्या मंडळावर नीता अंबानी जून 2014 मध्ये आल्या, तेव्हा महिला संचालकाची अट पूर्ण झाली. पण त्या प्रवर्तकाच्या कुटुंबातल्या, म्हणजे स्वतंत्र संचालक नव्हेत. ऑक्टोबर 2018 मध्ये स्टेट बँकेच्या माजी अध्यक्ष अरुंधती भट्टाचार्य स्वतंत्र संचालक म्हणून आल्या, आणि एप्रिल 2019 पासून लागू होणारी नवी अट त्यांच्यामुळे आधीच पूर्ण झाली. पहिली नेमणूक ‘महिला’ या शब्दाची गरज भागवते, दुसरी ‘स्वतंत्र’ या शब्दाचीही.

आता एक कल्पित कंपनी घेऊन हा नियम शेवटपर्यंत चालवून बघू. समजा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक नोंदणीकृत कंपनी आहे. मंडळावर आठ जण. वडील कार्यकारी अध्यक्ष, मुलगा व्यवस्थापकीय संचालक, आई बिगर-कार्यकारी संचालक, एक पूर्णवेळ वित्त संचालक आणि चार स्वतंत्र संचालक, चौघेही पुरुष. अध्यक्ष कार्यकारी आणि शिवाय प्रवर्तक असल्यामुळे निम्मं मंडळ स्वतंत्र असावं लागतं. आठांत चार, म्हणजे ते जमतं. आई असल्यामुळे महिलेची अटही पूर्ण आहे. कंपनी बाजारमूल्यात हजारच्या थोडी खाली असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं.

मग शेअरचा भाव चढतो आणि कंपनी पहिल्या हजारात येते. हा क्रम पूर्वी 31 मार्चच्या बाजारमूल्यावरून ठरत असे. मे 2024 च्या दुरुस्तीनुसार 31 डिसेंबर 2024 पासून तो 1 जुलै ते 31 डिसेंबर या सहा महिन्यांच्या सरासरीवरून काढतात, आणि नव्याने यादीत आलेल्या कंपनीला पुढच्या 1 एप्रिलपासून अटी लागू होतात. म्हणजे हाताशी तीन महिने असतात. भाव पडून कंपनी पुन्हा हजाराबाहेर गेली तरी लगेच सुटका होत नाही. सलग तीन वर्षं बाहेर राहावं लागतं.

तीन महिन्यांत स्वतंत्र महिला संचालक शोधायची, तर पहिला विचार पुन्हा घराकडेच जातो. इथे कायदा नात्यांची मोजदाद कशी करतो हे जवळून पाहण्यासारखं आहे, कारण आपल्या मनातली नाती आणि कायद्याच्या यादीतली नाती एकसारखी नाहीत. कंपनी कायद्याच्या ‘नातेवाईक’ यादीत पती किंवा पत्नी, आईवडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ आणि बहीण येतात, शिवाय एकत्र हिंदू कुटुंबाचे सदस्य. म्हणजे अध्यक्षांची सून स्वतंत्र संचालक होऊ शकत नाही. मेहुणी? बायकोची बहीण या यादीत नाही. पण सेबीची अट आणखी पुढे जाते: स्वतंत्र संचालक ‘प्रवर्तक गटा’तली नसावी. त्या गटाच्या व्याख्येत प्रवर्तकाच्या जोडीदाराचे आईवडील, भाऊ, बहीण आणि मुलंही मोजतात. मेहुणी तिथे अडकते.

भावजयीचं काय? धाकट्या भावाची बायको, एकाच एकत्र हिंदू कुटुंबाची सदस्य नसेल तर, कंपनी कायद्याच्या यादीत नाही आणि प्रवर्तक गटाच्या जवळच्या नात्यांतही नाही. वाट मोकळी दिसते खरी, पण पुढे दोन फाटकं आहेत. धाकटा भाऊ स्वतः प्रवर्तक म्हणून नोंदलेला असेल, तर ती प्रवर्तकाची पत्नी ठरते आणि बाद होते. तो प्रवर्तक म्हणून नोंदलेला नसला, तरी स्वतंत्र संचालकाकडे तिच्या नातेवाइकांसह एकूण मतदानहक्काच्या 2 टक्के किंवा जास्त हिस्सा असता कामा नये. नवऱ्याच्या नावावर कंपनीचे 3 टक्के शेअर असले की ती तिथेही बाद. या दोन्हीतून ती सुटली, तर नात्यांच्या यादीवरून तिला अडवता येत नाही. आणि अध्यक्षांची कॉलेजपासूनची मैत्रीण, किंवा वीस वर्षं शेजारी राहिलेल्या बाई, यांचा तर कोणत्याच यादीत उल्लेख नाही. म्हणून नियमात आणखी एक गोष्ट आहे, जी बहुतेक कंपन्या एका ओळीत उरकतात. स्वतंत्र संचालक दरवर्षी आपल्या स्वातंत्र्याचं घोषणापत्र देते, आणि मंडळाने ते नुसतं फायलीला लावायचं नसतं. त्याचा खरेपणा तपासून मगच ते नोंदीवर घ्यायचं असतं. ही तपासणी कशी केली, हा प्रश्न कोणत्याही भागधारकाने विचारण्यासारखा आहे.

समजा आपल्या कंपनीने घराबाहेर नजर टाकली. मोठ्या कंपनीत खरेदी विभागाची प्रमुख म्हणून काम करून निवृत्त झालेल्या एक बाई सापडल्या. नामनिर्देशन आणि मानधन समितीने, जिला कंपन्यांत सगळे एनआरसी म्हणतात, आधी एक काम करायचं असतं. मंडळावर सध्या कोणती कौशल्यं आहेत आणि कोणती कमी पडतात हे बघून जागेचं वर्णन लिहून काढायचं, आणि मग त्या वर्णनाशी जुळणारी व्यक्ती शोधायची. व्यवहारात हे पुष्कळदा उलट होतं. आधी नाव ठरतं आणि वर्णन नंतर त्या नावाच्या मापाने शिवलं जातं. वार्षिक अहवालातला कौशल्यांचा तक्ता पाहिला की हे लगेच लक्षात येतं. वित्त, तंत्रज्ञान, कायदा, प्रशासन, बाजारपेठ अशा प्रत्येक रकान्यात प्रत्येक संचालकापुढे बरोबरची खूण असेल, तर तो तक्ता कुणी मनापासून भरलेला नाही. खऱ्या तक्त्यात रिकामे चौकोन असतात, आणि नव्या नेमणुकीने त्यांतला एखादा भरलेला दिसतो.

मग मतदान. स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीला सहसा भागधारकांचा विशेष ठराव लागतो, म्हणजे पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश बाजूने हवीत. ही मंजुरी नेमणुकीपासून तीन महिन्यांत किंवा पुढच्या सर्वसाधारण सभेत, यांतलं जे आधी येईल तेव्हा घ्यायची. आपल्या कंपनीत घराण्याकडे 58 टक्के शेअर आहेत असं धरू. ऐकताना वाटतं, की 58 वरून 75 गाठायचं म्हणजे बाहेरच्या भागधारकांच्या हाती बरीच ताकद आहे. सगळ्यांनी मतदान केलं तर आहेच, कारण घराण्याला बाहेरच्या 42 पैकी 17 टक्के मिळवावे लागतील. पण हिशोब पडलेल्या मतांवर होतो, आणि लहान भागधारक मतदान करत नाहीत. बाहेरच्यांपैकी निम्म्यांनीच, म्हणजे 21 टक्क्यांनी मतं टाकली, तर एकूण 79 होतात. त्यांचे तीन चतुर्थांश 59.25. घराण्याचे 58 आहेतच, म्हणजे बाहेरून फक्त सव्वा टक्का हवा. डीमॅट खात्यात असलेले शेअर आणि न टाकलेलं ई-मत यांचा परिणाम असा थेट होतो.

बाईंची नेमणूक होते, मंडळ नऊ जणांचं होतं. दोन वर्षांनी, 10 जुलैला, त्या राजीनामा देतात. आता दोन कायद्यांचे दोन वेगळे निकाल लागतात. कंपनी कायद्याला काहीच अडचण नाही, कारण आई अजून मंडळावर आहेत आणि त्या महिला आहेत. सेबीच्या नियमानुसार मात्र जागा तीन महिन्यांत, म्हणजे 10 ऑक्टोबरपर्यंत भरायला हवी. कंपनीने ती थेट 1 जानेवारीला भरली असं धरू. 11 ऑक्टोबर ते 31 डिसेंबर हे 82 दिवस होतात. दिवसाला 5,000 रुपयांप्रमाणे 4,10,000 रुपये दंड, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 73,800, एकूण 4,83,800 रुपये.

हजारात बसणाऱ्या कंपनीला ही रक्कम जाणवतही नाही. खरी भीती त्यापुढची आहे. सलग दोन तिमाह्या मंडळाची रचना चुकीची राहिली, तर शेअर ‘झेड’ गटात टाकण्याची तरतूद आहे. तिथे सकाळी घेऊन दुपारी विकता येत नाही, प्रत्येक व्यवहारात शेअर प्रत्यक्ष द्यावे-घ्यावे लागतात. प्रवर्तकांचे शेअर गोठवण्याचीही तरतूद आहे. म्हणून बहुतेक खासगी कंपन्या पहिल्या तिमाहीतच धावपळ करून जागा भरतात.

इथे एक बारकावा, जो कंपनी सेक्रेटरींनाही कधी कधी चकवतो. तीन महिन्यांची सवलत राजीनामा किंवा मृत्यू यांसारख्या अचानक रिकाम्या झालेल्या जागेसाठी आहे. स्वतंत्र संचालकाची पाच वर्षांची मुदत संपून जागा रिकामी होत असेल आणि त्यामुळे नियम मोडत असेल, तर नवी नेमणूक त्याच तारखेपर्यंत झालेली असायला हवी. कारण उघड आहे. मुदत कधी संपणार हे पाच वर्षांपूर्वीच माहीत होतं.

राजीनाम्याबरोबर आणखी एक कागद येतो आणि तो वाचायला हवा. स्वतंत्र संचालकाचं सविस्तर कारणांसह राजीनामापत्र कंपनीला सात दिवसांत शेअर बाजाराकडे द्यावं लागतं, आणि दिलेल्या कारणांशिवाय दुसरं कोणतंही महत्त्वाचं कारण नाही अशी संचालकाची खात्रीही त्यात लागते. ‘वैयक्तिक कारणं’ एवढंच लिहून गेलेली व्यक्ती पुढच्याच महिन्यात दुसऱ्या दोन कंपन्यांच्या मंडळांवर दिसली, तर मंडळात काय चाललं होतं याचा विचार करावा.

दंडाची मर्यादा सर्वांत उघडी पडते ती सरकारी कंपन्यांत. गेल्या काही वर्षांत इंडियन ऑइल, ओएनजीसी, गेल यांसारख्या कंपन्यांना पुरेसे स्वतंत्र संचालक किंवा स्वतंत्र महिला संचालक नसल्याबद्दल बीएसई आणि एनएसईने पुन्हा पुन्हा दंड लावला. 91 दिवसांच्या पूर्ण तिमाहीचा हिशोब जीएसटीसह 5,36,900 रुपये होतो, आणि असे आकडे त्यांच्या खुलाशांत दिसतात. कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं: संचालक नेमण्याचा अधिकार मंत्रालयाकडे आहे, कंपनीने पाठपुरावा केला आहे, यात कंपनीची हयगय नाही. ते खरंही आहे. ज्याच्या हातात नेमणूक आहे त्याला दंड होत नाही, आणि ज्याला दंड होतो त्याच्या हातात नेमणूक नाही. दंडाचा पैसा जातो तो कंपनीच्या तिजोरीतून, म्हणजे त्यातला एक वाटा तुमच्याआमच्यासारख्या भागधारकांचा. ज्या सरकारने हा कायदा केला, त्याच्याच ताब्यातल्या कंपन्यांत ही खुर्ची महिनोन्महिने रिकामी राहते, याचा मला राग येतो.

इथपर्यंत गोष्ट खुर्ची भरण्याची झाली. आता तिच्यावर बसलेल्या माणसाच्या कामाची.

नोंदणीकृत कंपनीत दरवर्षी तीन पातळ्यांवर मूल्यमापन होतं: संपूर्ण मंडळाचं, त्याच्या समित्यांचं आणि प्रत्येक संचालकाचं. पद्धत एनआरसी ठरवते. प्रत्यक्ष मूल्यमापन मंडळाने, एनआरसीने किंवा बाहेरच्या तज्ज्ञ संस्थेने करायचं. ब्रिटनच्या कंपनी सुशासन संहितेत एफटीएसई 350 या शेअर निर्देशांकातल्या मोठ्या कंपन्यांनी निदान तीन वर्षांतून एकदा बाहेरच्या माणसाकडून हे करून घ्यावं अशी अपेक्षा आहे. आपल्याकडे बाहेरची संस्था पूर्णपणे ऐच्छिक.

कोण कुणाला जोखतं, हे नीट पाहिलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. चाकणच्या कंपनीत नव्या बाईंनी राजीनामा दिला नाही असं धरून त्या नऊ जणांच्या मंडळाकडेच परत जाऊ. स्वतंत्र संचालकाचं मूल्यमापन तिला वगळून बाकीचं सगळं मंडळ करतं. त्यात तिचं काम कसं झालं हे तर येतंच, शिवाय ती व्यवस्थापनापासून खरोखर स्वतंत्र आहे का हेही येतं. उरलेल्या आठांत वडील, मुलगा आणि आई हे प्रवर्तक, आणि वित्त संचालक त्यांच्या पगारावर. म्हणजे तिने प्रवर्तकांना किती ठामपणे प्रश्न विचारले याचे गुण देणाऱ्यांत निम्मे जण तेच, ज्यांना ते प्रश्न विचारले गेले. पाच वर्षांनी दुसरी मुदत द्यायची की नाही, हेही याच अहवालाच्या आधारे ठरतं. नाराजी ओढवून घेणाऱ्या संचालकाला कमी गुण मिळण्याची शक्यता या रचनेतच आहे.

तराजूचं दुसरं पारडंही आहे, आणि त्याची माहिती कमी लोकांना असते. स्वतंत्र संचालकांची वर्षातून निदान एक बैठक फक्त त्यांचीच होते. तिथे कार्यकारी अध्यक्ष नाहीत, व्यवस्थापकीय संचालक नाहीत, व्यवस्थापनातलं कुणीही नाही. या बैठकीत ते अध्यक्षांचं, स्वतंत्र नसलेल्या संचालकांचं आणि संपूर्ण मंडळाचं काम तपासतात. व्यवस्थापनाकडून माहिती किती, कशी आणि केव्हा मिळते, हेही इथेच पाहायचं असतं. आपल्या कंपनीत त्या खोलीत पाच जण असतील, चार जुने पुरुष संचालक आणि नव्या बाई. माझ्या मते संपूर्ण नियमावलीतली ही सर्वांत किमती तरतूद आहे, आणि सर्वांत जास्त वाया जाते तीही हीच. मंडळाच्या सभेच्या आधी अर्धा तास उरकलेली, चहा संपेपर्यंत चाललेली बैठकही कागदोपत्री पूर्ण भरते.

मूल्यमापनाचा नेहमीचा साचा म्हणजे प्रश्नावली. पंचवीस-तीस विधानं, प्रत्येकापुढे एक ते पाच गुण. ‘मंडळाच्या चर्चा मोकळेपणाने होतात’, ‘संचालक तयारी करून येतात’. कंपनी सेक्रेटरी फॉर्म वाटतो, गोळा करतो, सरासरी काढतो, आणि सरासरी 4.7 किंवा 4.8 येते. यात दोन अडचणी असतात. पहिली, नऊ जणांत गुप्तता राहत नाही. मंडळावर एकच स्वतंत्र महिला असेल आणि एखाद्या उत्तरात ‘मला बोलू दिलं जात नाही’ असं आलं, तर ते कुणी लिहिलं हे शोधावं लागत नाही. म्हणून ती तसं लिहीत नाही. दुसरी अडचण प्रश्नांच्या घडणीत असते. ‘माहिती वेळेवर मिळते का’ याला चार गुण देणं सोपं आहे. ‘गेल्या वर्षीच्या सभांपैकी किती सभांचे कागद सात दिवस आधी हातात पडले’ याला गुण नसतात, आकडा असतो. मंडळाच्या सभांसाठी ठरवलेल्या सचिवीय मानक 1 नुसार सर्वसाधारणपणे विषयपत्रिका सात दिवस आधी पाठवायची असते, म्हणजे हा आकडा तपासताही येतो. चांगल्या मूल्यमापनात असे मोजता येणारे प्रश्न आणि बाहेरच्या तटस्थ माणसाने एकेकाशी स्वतंत्रपणे बोलून घेतलेली माहिती, दोन्ही असतात. सेबीने जानेवारी 2017 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक टिपणात अशा पद्धतींचा ऊहापोह आहे, पण ते टिपण मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही.

आता मूळ गोमेकडे. कायद्यानुसार संचालकांच्या अहवालात मूल्यमापन कोणत्या पद्धतीने केलं हे सांगायचं असतं. काय आढळलं हे सांगण्याची सक्ती नाही. त्यामुळे बहुतेक अहवालांत एकच परिच्छेद वर्षानुवर्षं छापून येतो: प्रश्नावलीद्वारे मूल्यमापन झालं, मंडळाने प्रक्रियेबद्दल समाधान व्यक्त केलं. सेबीने मे 2018 मध्ये सुचवलं की कंपन्यांनी तीन गोष्टी सांगाव्यात: या वर्षीच्या मूल्यमापनातली निरीक्षणं, मागच्या वर्षीच्या निरीक्षणांवर काय केलं, आणि या वर्षीच्या निरीक्षणांवर काय करणार. सूचना नेमकी आहे, फक्त ती ऐच्छिक ठेवली.

ज्या कंपन्या ती मनावर घेतात, त्यांचा परिच्छेद वाचताक्षणी वेगळा वाटतो. आपल्या चाकणच्या कंपनीने असं लिहिलं असतं, तर मी तिचे शेअर अधिक विश्वासाने ठेवले असते: ‘मागच्या वर्षी संचालकांनी नोंदवलं होतं की मोठ्या भांडवली खर्चाच्या प्रस्तावांचे कागद उशिरा येतात. या वर्षी असे चार प्रस्ताव आले, त्यांपैकी तीन प्रस्तावांचे कागद दहा दिवस आधी दिले गेले. या वर्षी नोंदवलं गेलं की व्यवस्थापकीय संचालकांनंतर कोण, यावर मंडळात एकदाही चर्चा झालेली नाही. ती येत्या सप्टेंबरपर्यंत घेतली जाईल.’ अशा परिच्छेदात कमीपणा कबूल केलेला असतो, म्हणून तो खरा वाटतो.

तुमच्याकडे एखाद्या कंपनीचे शेअर असतील, तर हे सगळं तासाभरात तपासता येतं. शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर तिमाही सुशासन अहवाल असतो. त्यात प्रत्येक संचालकाचा प्रकार, नेमणुकीची तारीख आणि समित्यांवरचं स्थान दिलेलं असतं. महिला संचालकापुढे ‘स्वतंत्र’ लिहिलं आहे का हे आधी पाहा. मग ती ऑडिट कमिटीवर किंवा एनआरसीवर आहे का ते पाहा. हिशोबातले अवघड प्रश्न ऑडिट कमिटीत निघतात, माणसं निवडणं आणि त्यांची मानधनं एनआरसीत ठरतात. तीन वर्षं मंडळावर असूनही या दोन्हींपासून दूर ठेवलेली आणि फक्त सीएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामांच्या, समितीवर असलेली महिला संचालक दिसली, तर खुर्ची कशासाठी भरली होती याचा बराचसा अंदाज येतो.

वार्षिक अहवालात हजेरीचा तक्ता असतो. वर्षभरात मंडळाच्या किती सभा झाल्या आणि ती किती सभांना होती, हे त्यातून कळतं. त्यानंतर मागच्या दोन वर्षांचे अहवाल उघडून मूल्यमापनाचे परिच्छेद शेजारी शेजारी ठेवा. तिन्ही शब्दशः एकच असतील, तर ते प्रक्रियेचं वर्णन आहे, मूल्यमापनाचं नाही. आजकाल अनेक कंपन्यांच्या सर्वसाधारण सभा व्हिडिओवर होतात, आणि आधी नाव नोंदवलं की लहान भागधारकालाही दोन मिनिटं बोलता येतं. तिथे अध्यक्षांना विचारा: गेल्या वर्षीच्या मूल्यमापनात निघालेल्या एका त्रुटीचं नाव सांगा, आणि तिच्यावर या वर्षी काय केलं ते सांगा. नोंदणीसाठीची मुदत सभेच्या नोटिशीतच छापलेली असते.